रूप साधं, म्हणून गटात कुणी दखल घेत नाही? लातूरच्या एका मुलीला सविस्तर उत्तर

तुझं पत्र मिळालं. तू औसा तालुक्यातली, लातूरला खोली करून राहतेस, राज्यसेवेची तयारी करतेस, दिवसभर अभ्यासिकेत असतेस आणि संध्याकाळी सात जणांच्या घोळक्याबरोबर चहाला खाली उतरतेस. त्या अर्ध्या तासाबद्दल तू लिहिलंयस, "मी असले काय, नसले काय, सारखंच. रंगाने सावळी, अंगाने किडकिडीत, दात जरा पुढे. माझ्याकडे बघून कुणी बोलतच नाही."

आणि मग अध्यादेशाचा तो प्रसंग. राज्यपालांनी काढलेला अध्यादेश किती दिवस टिकतो, यावर वाद चालला होता. कुणी म्हणालं सहा महिने. तू म्हणालीस, "बहुतेक अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवडे असतील." कुणी मान वर केली नाही. थोड्या वेळाने परभणीचा मुलगा तेच म्हणाला आणि सगळ्यांनी "हां, बरोबर" म्हणून माना डोलावल्या. उत्तर तुझंच बरोबर होतं, विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवडेच. तू खोलीवर आलीस, आरशात बघितलंस आणि ठरवून टाकलंस की हे चेहऱ्यामुळे झालं.

मी महाविद्यालयातल्या मुलामुलींच्या गटचर्चा घेते. असे प्रसंग समोर घडताना बघते. म्हणून तुला "रूपाचं काही नसतं गं, मन सुंदर पाहिजे" असं सांगणार नाही. रूपाचं असतं. अनोळखी लोकांत पहिल्या भेटीत देखण्या माणसाकडे नजर आधी वळते आणि त्याच्याबद्दल मत जरा बरं बनतं. पण तुझा गट अनोळखी नाही. रोज भेटणाऱ्या लोकांत तुझं बोलणं का पोहोचत नाही, याची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात, आणि ती दुरुस्त करता येतात.

आधी नक्की काय होतंय ते शोध

एक छोटी वही कर. आठवडाभर चहाहून वर आलीस की तीन ओळी लिही. आज मी कितीदा तोंड उघडलं? त्यातलं किती जणांपर्यंत गेलं, म्हणजे कुणी उत्तर दिलं, हसलं किंवा माझ्याकडे बघितलं? आणि कुणी आपणहून मला काही विचारलं का? कसं वाटलं ते लिहू नकोस, फक्त घडलं ते लिही. वाईट वाटत असताना आठवणही वाईटच निवडून देते, म्हणून लगेच लिहायचं. रात्रीवर ठेवायचं नाही.

त्याच आठवड्यात गटाकडेही नीट बघ. तुझ्याइतकंच साधं रूप असलेलं, तरी ज्याचं ऐकलं जातं असं कुणी तिथे आहे का? जवळजवळ प्रत्येक गटात असतं. आणि दिसायला चांगली, पण गप्प बसली की जिची कुणाला आठवण राहत नाही, अशी कुणी आहे का? दोन्हींचं उत्तर "हो" आलं, तर अडचण चेहऱ्याची नाही, बोलण्याच्या पद्धतीची आहे.

वहीत साधारण तीनपैकी एक चित्र दिसेल. एक, तू बोलतेस पण पोहोचत नाही. दोन, तू बोलतच नाहीस, मान हलवतेस, हसतेस, कप गोळा करतेस. तीन, तू नीट बोलतेस, लोकांना ऐकू येतं, तरी मुद्दाम डावललं जातं किंवा रंगावरून, दातांवरून टोमणे मारले जातात. पहिली दोन चित्रं असतील तर पुढचं सगळं तुझ्यासाठी आहे. तिसऱ्याबद्दल शेवटी लिहिते. तुझ्या पत्रावरून मला तरी पहिल्या दोघांची सरमिसळ दिसते.

उभं राहण्याची जागा

तू लिहिलंयस, सगळे टपरीच्या बाकावर आणि समोर गोल करून असतात आणि तू "कडेला, मैत्रिणीच्या जरा मागे" उभी राहतेस. बोलणारा माणूस बोलता बोलता ज्यांच्या चेहऱ्यावर नजर फिरवतो, त्यांनाच तो बोलण्यात धरतो. कुणाच्या खांद्यामागे उभं असलेल्याचा चेहरा त्या फेरीत येत नाही. मग तो गोरा असो की सावळा.

यासाठी धिटाई लागत नाही, लवकर जावं लागतं. सगळ्यांच्या आधी पाच मिनिटं खाली उतर. जागा आधी धरली की घोळका तुझ्याभोवती जमतो, तुला त्यात घुसावं लागत नाही. जो सगळ्यांत जास्त बोलतो त्याच्या शेजारी बसू नकोस, त्याच्या समोर बस. शेजारी बसलीस तर तो तुझ्यावरून समोर बघत राहतो. समोर बसलीस तर त्याची नजर तुझ्यावर पडते आणि त्याचं ऐकणाऱ्यांची नजरही तुझ्या बाजूला वळते.

लवकर जाण्याचा आणखी एक फायदा आहे. पहिल्या पाच मिनिटांत दोघं-तिघंच असतात. तिथे बोलणं सोपं जातं आणि एकदा तोंड उघडलं की सात जण झाल्यावरही उघडं राहतं. जी पहिली दहा मिनिटं गप्प राहते, तिला पुढे बोलणं अवघड होत जातं, कारण आता बोललं तर सगळे चमकून बघतील अशी भीती बसते.

पाळी धरायची कशी

सगळ्यांत जास्त वेळ यावर दे. अध्यादेशाच्या वेळी तू इथेच अडकलीस.

गप्पांमध्ये एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर किती असतं, हे संशोधकांनी दहा भाषांमध्ये मोजलंय. 2009 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मराठी नव्हती, पण इतक्या वेगवेगळ्या भाषांत सरासरी साधारण एक पंचमांश सेकंदाच्या आसपास आली. डोळ्याची पापणी लवेपर्यंत पुढचा बोलायला लागलेला असतो. मनात वाक्य तयार करायला मात्र याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे पटकन बोलणारा माणूस समोरच्याचं संपायच्या आधीच आपलं वाक्य जुळवत असतो. आणि तू काय करतेस? "सगळे थांबले की बोलेन" म्हणून वाट बघतेस. सगळे थांबतील अशी वेळच येत नाही. आली तरी तोवर विषय पुढे गेलेला असतो. तुझ्यासारख्या नीट, शिस्तीत वाढलेल्या मुली इथेच मागे पडतात. घरी शिकवलेलं असतं, मोठं माणूस बोलत असताना मध्ये बोलू नये. ती शिकवण घरात ठीक आहे. टपरीवर सगळे बरोबरीचे असतात, तिथे ती लावू नकोस.

मग शिरायचं कुठे? आपल्या मराठीत एक मोठी सोय आहे. क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपत आल्याचं आधीच कळतं. त्यातून आपण शेपटाला "ना", "की", "बघ", "काय" लावतो. "सहा महिने असतात ना." "मागच्या वर्षी आला होता की." हा "ना" म्हणजे पाळी सोडल्याची खूण आहे. त्या "ना" वरच तुझा पहिला शब्द पडला पाहिजे, त्याच्या नंतर नाही. अर्धा शब्द एकमेकांवर चढला तरी चालतो, गप्पांमध्ये तो रोज चढतो आणि कुणी मनावर घेत नाही.

बोलायच्या आधी शरीराने कळवायचं असतं. "ना" यायच्या जरासं आधी पुढे झुकायचं, श्वास आत घ्यायचा आणि बोलणाऱ्याकडे बघायचं. तू पत्रात लिहिलंयस की बोलताना तू कपाकडे बघतेस. कपाकडे बघून बोललेलं वाक्य कुणासाठी आहे हेच कळत नाही, त्यामुळे कुणी ते उचलत नाही.

पहिला शब्द हाकेचा असू दे. "दादा," "ताई," किंवा सरळ नाव. हाक कानावर पडली की माणूस वळून बघतो आणि तो बघतो तिकडे बाकीचेही बघतात. मग लगेच मुद्दा. कारण नंतर, पुरावा त्याच्याही नंतर. "म्हणजे मला असं वाटतं, नक्की माहीत नाही, पण बहुतेक" ही सगळी शेपूट पुढे लावली की मुद्दा येण्याआधीच कुणीतरी दुसरा सुरू होतो. नक्की माहीत असेल तिथे "बहुतेक" म्हणायचं नाही. खरंच माहीत नसेल तेव्हा मात्र जरूर म्हण.

आता तोच प्रसंग नव्याने मांडून बघू.

"अध्यादेश सहा महिने टिकतो ना."

"दादा, सहा आठवडे. अधिवेशन सुरू झालं की तिथून मोजायचे."

"काय सांगायलीस? मग सहा महिने कुठून आलं?"

"दोन अधिवेशनांत जास्तीत जास्त सहा महिन्यांचं अंतर असू शकतं ना, तिथे गल्लत होते."

बघ, तुझं पहिलं वाक्य तीन शब्दांचं आहे. दुसऱ्याने त्याला प्रश्न जोडला, कारण धरायला काहीतरी मिळालं. आणि सहा महिन्यांची गल्लत कुठून होते हे तू सांगितलंस, त्यामुळे चुकणाऱ्याचीही लाज राखली गेली. असं उत्तर लोकांच्या लक्षात राहतं.

एवढं करूनही कधी तुझं वाक्य हरवेल आणि दुसरा तेच बोलून वाहवा घेईल. तेव्हा रुसून गप्प बसू नकोस आणि "हे मी आधी म्हणाले होते" असं तक्रारीच्या सुरातही म्हणू नकोस. लगेच त्याच्या बोलण्याला आपलं जोड. "हो, तेच म्हणत होते मी, आणि त्यात एक आणखी आहे..." असं म्हणून नवी गोष्ट सांग. दोन वाक्यांत श्रेयही परत येतं आणि पाळीही. उशीर केलास तर मात्र ते उगाळल्यासारखं वाटतं.

सराव खोलीवर करता येतो. फोनवर एखाद्या चर्चेचं रेकॉर्डिंग लाव आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटावर मोठ्याने एक हाक आणि चार शब्द बोल. पहिल्यांदा उशीर होईल. चार-पाच दिवसांत कान शेपूट ओळखायला लागतो. आवाजही तिथेच तपास. स्वतःचं रेकॉर्ड करून ऐक. वाक्याचा शेवटचा शब्द गिळला जातोय का? बऱ्याच मुलींचा जातो, आणि मराठीत शेवटचा शब्द म्हणजे क्रियापद. ते गिळलं की वाक्याला अर्थच उरत नाही.

बोलायला सुरुवात करशील त्या आठवड्यात एका चहाला दोन वाक्यं, एवढंच लक्ष्य ठेव. गटात एकदम खूप बोलायला लागलीस तर तुलाही परकं वाटेल आणि त्यांनाही.

बोलायला काही सुचत नाही, तेव्हा

दरवेळी तुझ्याजवळ मुद्दा असेलच असं नाही. तेव्हा प्रश्न विचार, पण नवा विषय काढणारा नको. समोरच्याने आत्ता जे सांगितलं त्याच्याच पोटातला हवा. 2017 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात संवादातले प्रश्न वेगवेगळे करून पाहिले, तर अशा पाठपुराव्याच्या प्रश्नांमुळे विचारणारा माणूस समोरच्याला जास्त आवडत होता. कारण साधं आहे. असा प्रश्न ऐकल्याशिवाय विचारताच येत नाही.

कुणी म्हणालं, "रविवारी गावाकडं गेलतो, सोयाबीनचा भाव पार पडलाय." तू "हो का" म्हणून थांबलीस, तर बोलणं तिथेच संपलं. "मग विकलं का ठेवलं?" असं विचारलंस, तर तो पुढची पाच मिनिटं तुझ्याकडे बघून बोलेल. शेतकऱ्याच्या घरची मुलगी आहेस, हा प्रश्न तुझ्याइतका नेमका शहरातल्या मुलीला सुचणार नाही. मात्र एकामागून एक तीन प्रश्न झाले की चौथ्या वेळी स्वतःचं काहीतरी सांग. "आमच्याकडं बाबांनी निम्मं ठेवलंय." नुसतेच प्रश्न विचारणारी मुलगी सगळ्यांना आवडते, पण तिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नसतं. तू लिहिलंयस की वर्ष झालं तरी त्यांना तुझं गावसुद्धा ठाऊक नाही. ते कळायला तूच सांगितलं पाहिजे.

आणि कप गोळा करणं, चहाचे पैसे सगळ्यांकडून मागून देणं, झेरॉक्स काढून आणणं, हे जरा थांबव. मदत वाईट नाही. पण ज्या कामात तुला पाठ फिरवून निघून जावं लागतं, ते काम तुला आणखी नजरेआड करतं. त्यापेक्षा ज्यात लोकांना तुझ्याशी बोलावंच लागतं असं काम घे. रविवारच्या सराव परीक्षेच्या चुका एकत्र लिहून चर्चा घडवण्याचं काम तुमच्यात कुणी करत नाही, असं तूच लिहिलंयस. ते तू घे.

वेळेचा हिशेब

किती दिवसांत फरक पडेल, हे तू विचारलंयस. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेत नव्या गावी राहायला आलेल्या लोकांच्या एका अभ्यासात असं दिसलं की नुसत्या ओळखीतून साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात, पक्क्या मैत्रीला 90 च्या आसपास आणि जिवलग मैत्रीला 200 च्या वर. आपल्याकडे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण हिशेब करून बघायला तो पुरे आहे. रोज अर्धा तास चहा, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे तीन तास. पन्नास तासांना चार महिने लागतील. त्यातही तू गप्प उभी असशील तर ते तास धरायचे नाहीत. रविवारची दोन तासांची चर्चा जोडलीस तर आठवड्याला पाच तास होतात आणि अडीच महिन्यांत तिथे पोहोचतेस.

नुसतं नियमित जाण्यालाही किंमत असते. 1992 सालचा एक प्रयोग तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे. दिसायला साधारण सारख्या चार मुलींपैकी एकीला एका मोठ्या वर्गात सत्रभरात पाच वेळा, दुसरीला दहा आणि तिसरीला पंधरा वेळा नुसतं येऊन बसायला सांगितलं. चौथी एकदाही गेली नाही. त्यांनी कुणाशी बोलायचं नव्हतं. सत्राच्या शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली. आपण हिला पाहिलंय हे बहुतेकांना धड आठवतही नव्हतं. म्हणून वाईट वाटलं की चार दिवस चहाला न जाण्याची तुझी सवय आधी सोड. ती तुझंच जमलेलं मोडते.

तास झपाट्याने वाढवणारी एक गोष्ट तुझ्या हातात आहे. येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा शेतातला सण. लातूर-धाराशिवकडचं हे वैभव परभणीच्या, जालन्याच्या मुलांनी बहुधा नीट पाहिलेलं नसतं. औसा लातूरहून जवळ आहे, एसटीने तासाभरात होतं. घरी विचारून गटाला शेतावर बोलाव. पण तिथे गेल्यावर भज्जी-आंबील वाढत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळत राहू नकोस. वाढायला आईबरोबर चुलतभावाला लाव. तू गटाला घेऊन कोपीपाशी बस, पांडव कसे मांडतात, आंबिलाचं डेरं कसं भरतात, उंडे कशाचे असतात ते सांग. तिथे माहिती तुझ्याकडे असते, प्रश्न ते विचारतात आणि सगळ्यांची तोंडं तुझ्याकडे वळलेली असतात. असा पाच-सहा तासांचा एक दिवस चहाच्या दोन आठवड्यांच्या तोडीचा होतो.

हे कुठे चालत नाही

मुलगी बघायला येतात तिथे हे चालत नाही. पंधरा मिनिटं, कांदेपोहे आणि रंग-उंचीची चौकशी, तिथे पाळी धरायला वेळच नसतो. त्या खोलीत मिळालेला नकार वहीत धरू नकोस आणि चहाच्या गटाशी त्याची सांगड घालू नकोस.

वर सांगितलेलं तिसरं चित्र असेल, म्हणजे नीट बोलूनही कुणी मुद्दाम तोडत असेल किंवा रंगावरून नावं ठेवत असेल, तर एकदा सगळ्यांसमोर शांतपणे सांग, "हे बोललेलं मला आवडत नाही." त्यानंतरही चाललं तर गट सोड. दीड-दोन महिने नीट प्रयत्न करूनही वहीतले आकडे हलले नाहीत, तरीही दुसरा गट बघ. लातूरला अभ्यासिकांची कमी नाही. नव्या गटात पहिल्या दिवसापासून समोरच्या जागेवर बसता येतं, हाही फायदाच.

तू मेडिकलवरून कुणाच्या सांगण्याने रंग उजळायची ट्यूब आणलीस, ती घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. अशा काही ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने त्वचा पातळ होते, मुरुम आणि लाली येते, आणि एकदम बंद केली तर चेहरा भडकतो. म्हणून आपल्या मनाने लावूही नकोस आणि बंदही करू नकोस, डॉक्टर सांगतील तसं कर.

आणि एक विचारते, त्याचं उत्तर स्वतःला खरं दे. दात आणि रंग यांचा विचार दिवसातला तासभर किंवा जास्त वेळ खातो का? आरशात पुन्हा पुन्हा बघितल्याशिवाय राहवत नाही का? त्यापायी अभ्यासिका बुडते का, जगणं नको वाटतं का? यातलं काही असेल तर मी वर सांगितलेल्या युक्त्या पुरणार नाहीत, हा उपचाराचा विषय आहे आणि उपचाराने फरक पडतो. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जायचा धीर होत नसेल तर 14416 वर टेलिमानसला फोन कर. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

बाकी, वही सोमवारपासून सुरू कर. पहिला आठवडा काही बदलू नकोस, नुसतं लिही. दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटं आधी खाली उतर. तिसऱ्यात "ना" वर शिर. त्या तीन आठवड्यांची पानं मला पाठव, मग तुझं वाक्य नेमकं कुठे हरवतंय ते बघून पुढचं लिहिते.